मदत हवी आहे: कामगारांना मेडिक्लेम तोंडी कसा समजावू? शुक्रवारी १५ मिनिटं मिळालीत

टाइम_ऑफिस_चाकण
नमस्कार. जरा घाईत आहे. आमच्या ८६ लोकांना १ ऑक्टोबरपासून मेडिक्लेम लागू होतोय. यातल्या एकानेही आजवर पॉलिसी वापरलेली नाही. शुक्रवारी दुपारी शिफ्ट बदलताना कँटीनमध्ये मला १५ मिनिटं दिलीत. एजंटने दिलेलं ३४ पानांचं इंग्रजी बाड वाचून दाखवलं तर पाचव्या मिनिटाला लोक उठून बसच्या रांगेत जातील. पाच-सहा जणांना आधी सांगून पाहिलं. 'वेटिंग पिरियड' म्हटल्यावर प्रेस शॉपमधल्या एकाने विचारलं, "म्हणजे दवाखान्यात नंबर लागेपर्यंत थांबायचं ना?" 'एक्सक्लूजन' म्हटल्यावर सगळे गप्प. कुणाकडे तयार भाषण असेल तर टाका.

रानवारा
ग्रुप पॉलिसी आहे की प्रत्येकाची वेगळी? कव्हर किती? वेटिंग माफ आहे का? हे कळल्याशिवाय भाषण कसं देणार?

नाना_भोसरी
मेडिक्लेमच्या नादी लागूच नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार होतात, आता पांढऱ्या रेशनकार्डालाही. लोकांना कार्ड काढायला लावा, विषय संपला.

टाइम_ऑफिस_चाकण
नाना, योजना चांगलीच आहे, पण मी विचारलं ते वेगळं. ग्रुप पॉलिसी आहे. कुटुंबाला ३ लाख: नवरा, बायको, दोन मुलं. पगार २१ हजारांच्या वर गेल्याने हे लोक ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेतून बाहेर पडतायत. वेटिंगचं बाडात कुठेतरी असेल.

विमामित्र_सातारा
वेटिंगचं मी सांगतो. वेटिंग म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळायला थांबायचा काळ. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये जुन्या आजारांचं वेटिंग जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आणलं. त्यामुळे सरळ सांगा, शुगर-बीपीवाल्यांनी तीन वर्षं क्लेम करायचा नाही.

काउंटरवाली
विमामित्र, कृपा करून असं सांगायला लावू नका. तीन वर्षं ही जास्तीत जास्त मर्यादा आहे, सगळ्यांना लागणारा नियम नाही. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत जुन्या आजाराचं वेटिंग बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून माफ असतं. तुमचं ऐकून एखादा शुगरवाला कार्ड घरी ठेवेल आणि कर्ज काढून बिल भरेल.

टाइम ऑफिस दादा, बाड बाजूला ठेवा आणि एजंटकडून पॉलिसी शेड्यूल मागवा, दोन-तीन पानांचं असतं. त्यात चारच ओळी शोधा: पहिले ३० दिवस, जुने आजार, हर्निया-मोतीबिंदूसारखे ठरावीक आजार आणि बाळंतपण. प्रत्येकापुढे माफ आहे की नाही ते लिहिलेलं असतं.

टाइम_ऑफिस_चाकण
मागवतो. पण बोलायचं काय?

काउंटरवाली
मी एका हॉस्पिटलच्या कॅशलेस काउंटरवर नऊ वर्षं बसते. माणसं पहिल्यांदा रडतात ती खोलीच्या भाड्यावरून, वेटिंगवरून नव्हे. ईएसआयमध्ये बिल कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून व्याख्या सांगू नका, फळ्यावर एक बिल लिहा.

३ लाखांच्या कव्हरला खोलीची मर्यादा बहुधा एक टक्का असते, म्हणजे दिवसाला ३००० रुपये. समजा एकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि त्याने ५००० ची खोली घेतली, चार दिवस. त्याला वाटतं, वरचे ८००० आपण भरू. तसं होत नाही. ३००० म्हणजे ५००० चे साठ टक्के, म्हणून सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचेही साठच टक्के मिळतात.

खोली २०,०००, मिळाले १२,०००. सर्जन वगैरे ६०,०००, मिळाले ३६,०००. औषधं आणि तपासण्या ३०,०००, त्यांना ही कात्री लागत नाही, पूर्ण मिळाले. हातमोजे, फाइल, रजिस्ट्रेशन असलं ४,०००, शून्य. एकूण १,१४,००० चं बिल, त्यातले ७८,००० विम्याचे आणि ३६,००० खिशातून. ३००० च्या खोलीत राहिला असता तर बाकीचं बिल हेच धरून खिशातून फक्त ४,००० गेले असते.

हे फळ्यावर मांडलं की सगळे गप्प होऊन बघतात. मग एकच वाक्य पाठ करून घ्या: "माझ्या पॉलिसीत बसेल तीच खोली द्या." काउंटरवर हे पहिलं बोलायचं. ॲडमिट होताना रात्रीचे दोन वाजलेले असतात, हॉस्पिटलवाला म्हणतो जनरल भरलंय, डिलक्स घ्या. माणूस घाबरलेला असतो, तो सही करतो.

रानवारा
खरोखरच जनरल भरलेलं असेल तर?

काउंटरवाली
तसं लेखी मागायचं आणि तेव्हाच विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या टीपीएला फोन करायचा. काही कंपन्या ऐकतात, काही नाही. खात्री देणार नाही.

स्मिता_डोंबिवली
माझ्या बाबांच्या मोतीबिंदूचा क्लेम नाकारला. पॉलिसीला दीड वर्ष झालं होतं, दोन वर्षांचं वेटिंग होतं म्हणे. काही करता येईल का?

विमामित्र_सातारा
स्मिताताई, तुमची स्वतः घेतलेली पॉलिसी दिसते. वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल. काउंटरवालींचं बरोबर आहे, माझं ग्रुपचं चुकलं. पण कॅशलेसला एका तासात मंजुरी मिळते हे तरी लोकांना सांगा.

काउंटरवाली
तो तास विमा कंपनीकडे कागद पोचल्यापासूनचा. आमच्याकडूनच फॉर्म जायला तीन-तीन तास लागतात, कारण डॉक्टर राउंडवर असतात. लोकांना 'एक तास' सांगितलंत तर ते आमच्यावर धावून येतात. सांगायचं ते हे: ठरलेलं ऑपरेशन असेल तर दोन दिवस आधी कळवा, अचानक असेल तर ॲडमिट झाल्याबरोबर. कार्ड आणि आधारचा फोटो बायकोच्याही फोनमध्ये ठेवा.

आणि हे पोटतिडकीने सांगते. ॲडमिट होताना ज्युनियर डॉक्टर विचारतो, "बीपी कधीपासून?" माणूस सहज म्हणतो, "खूप वर्षं झाली." केसपेपरवर दहा वर्षं लिहिलं जातं. जिथे वेटिंग माफ नाही तिथे त्या एका शब्दावर क्लेम अडतो. लपवायचं अजिबात नाही, ते उलटतंच. पण पहिली गोळी कधी सुरू झाली ते आठवून नेमकं सांगायचं, जुनी चिठ्ठी जपून ठेवायची.

नाना_भोसरी
कारखान्यात बोट गेलं तर? प्रेस शॉप आहे म्हणालात.

रानवारा
नाना, कळीचा प्रश्न. ईएसआय सुटलं की कामावरच्या अपघाताची भरपाई कायद्याने मालकावर येते, मेडिक्लेम त्याची जागा घेत नाही. दादा, कंपनीने त्यासाठी वेगळी पॉलिसी काढलीय का ते शुक्रवारच्या आधी विचारा. पहिला प्रश्न हाच येणार.

टाइम_ऑफिस_चाकण
शेड्यूल आलं. पहिले ३० दिवस माफ, जुने आजार माफ, ठरावीक आजार माफ. खोली एक टक्का, म्हणजे ताईंचं बिल जसंच्या तसं लिहितो. बोट गेल्याचं साहेबांना विचारलं, "बघतो" म्हणालेत, अजून उत्तर नाही.

पण बाळंतपणापुढे '९ महिने, लागू' असं आहे. वेल्डिंगमधल्या एकाच्या बायकोला सातवा लागलाय, तारीख डिसेंबरची. त्याला सगळ्यांसमोर कसं सांगू?

काउंटरवाली
सगळ्यांसमोर नको, आजच बाजूला घ्या. ईएसआयचा औषधोपचाराचा हक्क पगारातली वर्गणी थांबली की त्याच दिवशी संपतोच असं नाही. त्याने आपला नंबर घेऊन ईएसआयच्या शाखेत जावं आणि बायकोला कोणत्या तारखेपर्यंत दाखवता येईल ते विचारावं. एजंटलाही विचारा, नऊ महिने माफ करून घ्यायला जादा प्रीमियम किती. पॉलिसी सुरू व्हायच्या आधीच ते होऊ शकतं.

टाइम_ऑफिस_चाकण
एजंटला फोन लावलाय, उचलत नाही. उद्या सकाळी त्याच्या ऑफिसात जातो आणि इथे कळवतो.