मदत हवी आहे: १ मायक्रॉनच्या बुडबुड्याला सुपरहीट नक्की किती?

गरम भिंतीवरच्या खाचेतला वाफेचा बुडबुडा वाढायला किती सुपरहीट लागेल ते काढतोय, पाणी 1 atm ला, पृष्ठताण 0.0589 N/m. त्रिज्या 5 मायक्रॉन धरली तर आतला जादा दाब 2σ/r म्हणजे 23.6 kPa, आणि क्लॉशियस-क्लॅपेरॉनच्या सरळ सूत्राने ΔT = 2σTsat/(ρv·hfg·r) साधारण 6.5 अंश, स्टीम टेबलमध्ये 125 kPa ला 106 अंश म्हणजे 6, चालतंय. पण त्रिज्या 1 मायक्रॉन केली की सूत्र 32.6 म्हणतं आणि टेबल (219 kPa) फक्त 23! मला वाटतं सूत्रात ρv 100 अंशाचीच धरल्यामुळे असं होतंय, दाब दुप्पट झाला की वाफेची घनताही जवळपास दुप्पट होते ना. मग टेबलचंच धरू का? आणि भिंतीपासून लांब पाणी थंड असतं, तर हे तापमान बुडबुड्याच्या माथ्याशी हवं की भिंतीशी? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.