मदत हवी आहे: np.abs(fft2) वरून चित्र परत येत नाही, फेज नेमकी कुठे हरवते?

झिरोमाईल

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कोहेरंट डिफ्रॅक्शन इमेजिंगचं सिम्युलेशन करतोय. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा १२८×१२८ चा ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेतला आणि `fft2` केलं. प्रयोगात डिटेक्टर जेवढं देतो तेवढंच, म्हणजे `np.abs`, ठेवून `ifft2` केलं. कोपऱ्यात एक लख्ख ठिपका आला, भोवती धुरकट डाग. स्तूपाचा मागमूस नाही.

मग रँडम सुरुवात देऊन फेज परत शोधणाऱ्या HIO अल्गोरिदमची १००० आवर्तनं चालवली. एरर छान खाली येते, चित्र मात्र कचरा. एकाने झीरो पॅडिंग करायला सांगितलं म्हणून मॅग्निट्यूडच्या अ‍ॅरेला चहूबाजूंनी शून्यं लावून २५६×२५६ केला. तरी तेच.

मॅग्निट्यूड तर पूर्ण आहे, म्हणजे निम्मी माहिती हातात आहे. मग निदान निम्मं चित्र तरी का दिसू नये? आणि HIO मध्ये माझं काय चुकतंय?

मॅंगनीज_४४०

भाऊ, फेज मिळत नसेल तर आधी पीक लिस्ट काढा आणि ICDD च्या कार्डांशी जुळवा. आमच्याकडे मॅंगनीज ओअरच्या पावडरमध्ये ब्राउनाइट आणि पायरोलुसाइट नेहमी एकत्र येतात, काही पीक एकमेकांवर चढतात. स्कॅन हळू घेतला की वेगळे होतात. तुमचं सॅम्पल कशाचं आहे?

झिरोमाईल

सॅम्पल नाहीच हो, फोटो आहे. मी लहरीच्या फेजबद्दल विचारतोय.

तर्रीपोहे

कारण सोपं आहे. १.५ अँगस्ट्रॉमच्या क्ष-किरणाची वारंवारता सुमारे २×१०^१८ हर्ट्झ. एवढ्या वेगाने हलणारी लहर टिपणारा डिटेक्टर जगात नाही, तो सरासरी घेतो आणि फेज जाते. पुरेसा वेगवान डिटेक्टर आला की प्रश्नच मिटला.

फुटाळा_काठ

मॅंगनीज_४४०, घोळ शब्दाचा आहे. मराठी पुस्तकांत लहरीची ती ‘कला’ आणि पदार्थाची ती ‘प्रावस्था’. आपण दोन्हीला फेज म्हणतो आणि मग असे धागे भरकटतात.

तर्रीपोहे, अर्धं बरोबर. लहर फार वेगाने हलते हे खरं, पण चित्रासाठी ते हलणं मोजायचंच नसतं. लागते ती एका पिक्सेलवरच्या लहरीची दुसऱ्या पिक्सेलवरच्या लहरीशी तुलना. कोहेरंट बीममध्ये हा फरक अख्ख्या एक्स्पोजरभर जागचा हलत नाही. तरी तो दिसत नाही, कारण पिक्सेल फोटॉन मोजतो आणि फोटॉनची संख्या लहरीच्या मॅग्निट्यूडच्या वर्गावर ठरते. कला काहीही असो, वर्ग तोच. ती दिसायला हवी असेल तर एक ओळखीची लहर त्यात मिसळून व्यतिकरण घडवावं लागतं, होलोग्राफीत करतात तसं. नुसता वेग कामाचा नाही.

आता ‘निम्मी माहिती, निम्मं चित्र’. तीन आकड्यांचं चित्र घ्या, एक [1,5,6] आणि दुसरं [2,7,3]:

```python
np.abs(np.fft.fft([1,5,6], 8))
np.abs(np.fft.fft([2,7,3], 8))
```

दोन्ही ओळी सारख्याच येतील. चौथ्या घटकाशी थांबून बघा. (मोजणी शून्यापासून.) पहिल्यात 1−5+6 = 2, दुसऱ्यात 2−7+3 = −2. डिटेक्टर दोन्हीकडे ४ लिहून मोकळा. दुसऱ्या घटकात पहिल्याला −5−5i येतं आणि दुसऱ्याला −1−7i. वर्ग दोन्हींचा ५०, पण एकाची कला −१३५ अंश आणि दुसऱ्याची सुमारे −९८. दोन चित्रांतला सगळा फरक त्या कोनात बसलाय आणि नेमका तोच आपण `abs` ने पुसला. म्हणून निम्मं चित्र दिसत नाही: कोणता पट्टा किती गडद हे आहे, तो कुठे ठेवायचा हे नाही. कला शून्य धरली की सगळ्या पट्ट्यांची शिखरं एकाच जागी चढतात. तुमच्या कोपऱ्यातला लख्ख ठिपका तोच.

तर्रीपोहे

काहून पण हे दोन सारखे येतात? योगायोग?

फुटाळा_काठ

नाही. z ची बहुपदी समजा. 1+5z+6z² चे अवयव (1+2z)(1+3z). त्यातला पहिला अवयव उलटा करून (2+z) केला की गुणाकार 2+7z+3z². अवयव उलटा केल्याने त्याचं मॅग्निट्यूड बदलत नाही, म्हणून गुणाकाराचंही नाही. ऑटोकोरिलेशनने ताडून बघा, दोन्हीकडे ६२, ३५, ६ येतं. मॅग्निट्यूडच्या वर्गात असतं ते एवढंच.

एका मितीत कोणत्याही बहुपदीचे अवयव पडतात, त्यामुळे अशी भावंडं भरपूर. दोन चलांच्या बहुपदीचे अवयव सहसा पडतच नाहीत, म्हणून फोटोसाठी उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं. सरकलेलं किंवा १८० अंशांत फिरलेलं चित्र सोडून.

झिरोमाईल

म्हणजे माझ्या फोटोचं उत्तर एकच आहे, मग HIO ला का सापडत नाही?

फुटाळा_काठ

कारण तुमच्या मांडणीत ते एकच राहिलेलं नाही. फोटो अख्खी चौकट भरतोय ना? अज्ञात पिक्सेल १६३८४. चित्र वास्तव असल्याने k आणि −k ला मॅग्निट्यूड सारखंच, म्हणून वेगवेगळी मापं फक्त ८१९४. शिवाय सपोर्ट, म्हणजे वस्तू ज्या भागात असू शकते तो भाग, इथे पूर्ण चौकट आहे, म्हणजे ‘बाहेर शून्य हवं’ म्हणायला बाहेर जागाच नाही. उरली फक्त ‘ऋण नको’ ही अट, आणि ती पाळणारी चित्रं ढिगाने सापडतात. एरर खाली येणं इथे काही सांगत नाही.

पॅडिंग बरोबर सुचवलं होतं, तुम्ही चुकीच्या बाजूला केलं. मॅग्निट्यूडभोवती शून्यं लावली तर उत्तरात फक्त पिक्सेल वाढतात, नवं माप एकही मिळत नाही. शून्यं वस्तूभोवती हवीत आणि `fft2` च्या आधी. खऱ्या प्रयोगात याचा अर्थ डिफ्रॅक्शनचा नमुना दुप्पट बारीक घेणं, म्हणजे डिटेक्टर मागे नेणं किंवा सॅम्पल लहान करणं. २५६ च्या चौकटीत मापं ३२७७० होतात आणि अज्ञात तेच १६३८४.

```python
N = 256
obj = np.zeros((N, N)); obj[64:192, 64:192] = img
S = np.zeros((N, N), bool); S[64:192, 64:192] = True
A = np.abs(np.fft.fft2(obj))
g = np.random.default_rng(7).random((N, N)) * S
for k in range(1000):
    G = np.fft.fft2(g)
    gp = np.fft.ifft2(A * np.exp(1j*np.angle(G))).real
    ok = S & (gp >= 0)
    g = np.where(ok, gp, g - 0.9*gp)
```

शेवटची ५० आवर्तनं `g = np.where(ok, gp, 0)` अशी करा, नाहीतर HIO चा खडखडाट चित्रात राहतो. एरर `g` वर काढू नका, `gp` चा सपोर्टबाहेर किती भाग सांडतोय ते मोजा. `A` ला `fftshift` केलेलं नसावं. दाखवण्यासाठी केलेला शिफ्ट तसाच आत जाणं ही फार सामान्य चूक, आणि त्याने काहीच जुळत नाही.

झिरोमाईल

फरक पडला! स्तूप दिसतोय, पण त्याच्यावरच उलटा स्तूपही दिसतोय. घुमट वर आणि घुमट खाली, दोन्ही अर्धवट पारदर्शक. एरर एका आकड्यावर अडकली आहे, आणखी २००० आवर्तनं देऊनही हलत नाही.

फुटाळा_काठ

हे जुळं चित्र. वस्तू १८० अंशांत फिरवली तर मॅग्निट्यूड तेच राहतं, आणि तुमचा चौकोनी सपोर्टही फिरवला तरी तोच. दोन्ही उत्तरं तितकीच खरी, अल्गोरिदमने थोडं हे थोडं ते उचललं. अशाने तो तासन्‌तास अडकतो.

उपाय म्हणजे सपोर्टची समरूपता मोडणं. पहिली १०० आवर्तनं सपोर्टचा एक कोपरा कापून, म्हणजे त्रिकोणी सपोर्टवर चालवा, मग पूर्ण सपोर्ट परत द्या. तेवढ्यात एका स्तूपाचं पारडं जड होतं. तुमच्याकडे याहून चांगली सोय आहे: पार्श्वभूमी शून्य करून स्तूपाची बाह्याकृतीच सपोर्ट म्हणून द्या. खाली सपाट, वर घुमट. उलटा स्तूप त्यात मावत नाही.

खऱ्या सॅम्पलची बाह्याकृती आधी ठाऊक नसते, तिथे श्रिंकरॅप वापरतात (मार्केसिनी आणि सहकारी, २००३). ऑटोकोरिलेशनवरून ढोबळ सपोर्ट घ्यायचा, मग दर २० आवर्तनांनी चालू चित्र ३ पिक्सेलच्या गॉसियनने धूसर करून कमाल मूल्याच्या २० टक्क्यांखालचं कापायचं. गॉसियन हळूहळू १.५ पर्यंत आणायचा. उंबरठा जास्त ठेवला तर सपोर्ट वस्तूलाच कुरतडतो. पायऱ्यांसारखा फिका भाग गायब होऊ लागला की समजायचं.

मॅंगनीज_४४०

गैरसमज झाला, माफी. पण एक विचारतो. हे एवढं सोपं असेल तर क्रिस्टलवाले हेच का करत नाहीत? ते तर वर्षानुवर्षं फेज प्रॉब्लेम म्हणून रडतात.

फुटाळा_काठ

त्यांना मधली मापं मिळत नाहीत. क्रिस्टलमध्ये एकच युनिट सेल लाखो वेळा मांडलेला असतो, त्यामुळे सगळी तीव्रता ब्रॅगच्या ठिपक्यांत गोळा होते आणि मध्ये काळोख. सेलची लांबी a असेल तर ठिपके १/a अंतरावर पडतात, पण सेलचं ऑटोकोरिलेशन २a रुंद असतं, त्याला १/२a अंतरावर मापं लागतात. झिरोमाईलच्या पहिल्या मांडणीसारखंच, चौकट भरलेली आणि बाहेर जागा नाही. ठिपक्यांच्या मधली तीव्रता मिळाली तर काम होईल, हे डेव्हिड सेअरने १९५२ सालीच एका छोट्या टिपणात लिहिलं होतं. क्रिस्टल नसलेल्या सॅम्पलवर ते क्ष-किरणांनी करून दाखवलं १९९९ मध्ये.

क्रिस्टलवाले तूट दुसरीकडून भरतात. जड अणू घालतात, तरंगलांबी बदलतात, ओळखीच्या प्रथिनाचं मॉडेल वापरतात. लहान रेणूंना डायरेक्ट मेथड्स, ज्यांसाठी हाउप्टमन आणि कार्ल यांना १९८५ चं रसायनाचं नोबेल मिळालं. तिथे ‘वस्तू म्हणजे सुटे सुटे अणू’ हीच अट सपोर्टचं काम करते, म्हणून डेटा साधारण १.२ अँगस्ट्रॉमपर्यंत तरी लागतो.

झिरोमाईल

बाह्याकृतीचा सपोर्ट दिला. दहा वेगवेगळ्या सीडपैकी आठांत स्तूप स्वच्छ आला, जाळीसुद्धा दिसते. दोनांत चित्रावर तिरपे पट्टे आहेत. आठांची सरासरी घेऊ का?

आणि पुढचा टप्पा लेझरवर करायचा आहे: ६३३ नॅनोमीटर, १ मिलिमीटरचं कापलेलं छिद्र, २०० मिलिमीटरची लेन्स, ५ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा. मधला डाग सॅच्युरेट होतो म्हणून त्यावर काळा ठिपका चिकटवायचा विचार आहे.

फुटाळा_काठ

सरासरीआधी प्रत्येक चित्र एकमेकांवर सरकवून जुळवा, अर्ध्या पिक्सेलचा घसरा राहिला तरी जाळी पुसली जाते. पट्ट्यांचे दोन सीड टाकून द्या.

नमुना पुरेसा बारीक आहे: λf/D म्हणजे ०.१२७ मिलिमीटर, म्हणजे नमुन्यातल्या एका ठिपक्याला, स्पेकलला, २५ पिक्सेल. पाच-सहा पुरले असते. त्यामुळे लेन्स कमी फोकल लांबीची घेतलीत तर कॅमेऱ्यात मोठे कोन मावतील आणि तपशील वाढेल. कॅमेऱ्याचा गॅमा आणि ऑटो एक्स्पोजर बंद करा, नाहीतर `sqrt` घेऊन जे मिळेल ते मॅग्निट्यूड नसेलच.

काळ्या ठिपक्याऐवजी वेगवेगळ्या वेळेची एक्स्पोजर जोडा. मध्य झाकलाच तर तेवढ्या पिक्सेलवर `A` लादू नका, `G` चं स्वतःचं मॅग्निट्यूड राहू द्या. झाकलेला भाग मधल्या स्पेकलच्या आत असेल तर चालून जातं.

तर्रीपोहे

मी याच कामाला मधल्या स्पेकलच्या बाहेरपर्यंत झाकून पाहिलं होतं, तरी चित्र आलं होतं.

फुटाळा_काठ

आकार आला असेल. आतल्या मंद छटा मूळ वस्तूशी ताडून पाहिल्या होत्या का? त्या भागात सपोर्टच्या आकाराचा ढगाळपणा वाढला किंवा घटला तरी एरर हलत नाही.

तर्रीपोहे

ताडलं नव्हतं. छिद्राचंच चित्र होतं, छटा नव्हत्याच त्यात. राखी फिल्म लावून परत करतो, रविवारी टाकतो इथे.