मालकाकडे जीएसटी नंबर नाही, मग गाळ्याच्या भाड्यावरचा कर भाडेकरूने का भरायचा?

नौपाडा_इलेक्ट्रिक
नौपाड्यात माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे, जीएसटी रेग्युलर. गाळा एका निवृत्त मास्तरांचा, भाडं महिना 40,000. त्यांच्याकडे जीएसटी नंबर नाही. नवा अकाउंटंट म्हणतो, एप्रिल ते सप्टेंबर 2025 चा आरसीएम, म्हणजे मालकाऐवजी भाडेकरूने भरायचा कर, राहिलाय, व्याजासकट भरा. जो पैसा क्रेडिट म्हणून मलाच परत मिळणार, तो आधी सरकारात कशाला भरायचा? मला तर हा निव्वळ छळ वाटतो. तुमचं मत?

वाशीकर_भाऊ
मालक नोंदणीत नसेल तर भाड्यावर जीएसटी नाहीच. वीस लाखांची मर्यादा मग कशाला ठेवलीय? आम्ही इतकी वर्षं एक रुपया भरलेला नाही.

वागळे_खातेवही
भाऊ, 10 ऑक्टोबर 2024 च्या आधी तुमचं म्हणणं बरोबर होतं. त्या दिवसापासून मालक नोंदणीत नसेल आणि भाडेकरू असेल, तर गाळा, ऑफिस, गोडाऊनच्या भाड्यावरचा कर भाडेकरूनेच भरायचा. वीस लाखांची सूट मास्तरांना आजही आहे, त्यांना नोंदणी करावी लागत नाही. भाडेकरूला त्या सुटीचा फायदा नाही.

नौपाडावाले, तुमचा हिशोब बघा. 40,000 वर 18 टक्के म्हणजे महिन्याला 7,200. सहा महिन्यांचे 43,200. हे कॅशनेच भरावे लागतात, खात्यात क्रेडिट पडून असलं तरी त्यातून वळते होत नाहीत. ऑक्टोबरचा 3B 20 नोव्हेंबरला भरताना हे 3.1(d) मध्ये दाखवा आणि तेवढंच क्रेडिट 4(A)(3) मध्ये घ्या. विक्रीवरचा कर त्यातून फिटेल. खरा भुर्दंड व्याजाचा. 7,200 वर महिन्याला 108 रुपये. एप्रिलचे सहा महिने, मेचे पाच, असं उतरत सप्टेंबरचा एक. एकवीस महिन्यांचे साधारण 2,268. याचं क्रेडिट नाही. म्हणजे छळ म्हणताय तो सव्वादोन हजारांचा आहे. नोटीस येईपर्यंत थांबलात तर व्याज चढेल आणि दंडाचा विषय निघेल तो वेगळाच.

कोपरी_गाळामालक
सव्वादोन हजार तुम्हाला किरकोळ वाटतात, पण आमचं काय? माझा भाडेकरू या महिन्यापासून 18 टक्के कापूनच भाडं देतोय. म्हणतो, कायदा आला. करारात 40,000 लिहिलंय की नाही?

वागळे_खातेवही
कापायचा हक्क त्याला नाही. हा कर भाड्याच्या वर आहे, आणि सरकारला तो देणं लागतो, तुम्ही नाही. पूर्ण भाडं मागा. टीडीएस कापत असेल तर ती भानगड निराळी, आधी ते विचारून घ्या.

घणसोली_पोळीभाजी
आम्ही कंपोझिशनमध्ये आहोत. आमच्या गाळ्याचं पण भरायचं का? आम्हाला तर क्रेडिटच मिळत नाही.

वागळे_खातेवही
नाही. 16 जानेवारी 2025 पासून कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलंय.

नेरूळ_डॉक्टरीण
सगळ्यांचं परत मिळतं म्हणून भांडण सोपं आहे. आमचं मेडिकल दुकान माझ्या नावावर, म्हणून जीएसटी नंबर. दवाखान्याचा गाळा वेगळा, मालकीण नोंदणीत नाही. उपचार करमुक्त, त्यामुळे त्या भाड्यावरच्या 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळत नाही. शेजारच्या डॉक्टरांकडे नंबरच नाही, ते काहीच भरत नाहीत. एकाच मजल्यावर दोन न्याय. यावर कोण बोलणार?

वाशीकर_भाऊ
बघा! सरकारला नक्की काय हवं होतं ते इथे दिसतं. इलेक्ट्रिकवाल्याकडून काही मिळत नाही, डॉक्टरणीकडून मिळतं.

वागळे_खातेवही
इथे मी भाऊंच्या बाजूने. क्रेडिट अडतं तिथेच हा कर खर्च होतो. पण मॅडम, दोन्ही धंदे एकाच पॅनवर आहेत तोवर सुटका नाही.

नौपाडावाले, भरण्याआधी एक बघा. मास्तरांचा पॅन लीव्ह-लायसन्स करारात असेल. तो जीएसटी पोर्टलच्या Search Taxpayer मध्ये टाका. दुसऱ्या कुठल्या धंद्यासाठी जरी त्यांचा नंबर निघाला, तरी ते नोंदणीकृत ठरतात. मग बिल त्यांनी द्यायचं, आरसीएम नाही.

तुर्भे_सीए
खातेवही, सेल्फ-इन्व्हॉइसचं राहिलं, म्हणजे मालक बिल देत नाही म्हणून भाडेकरूने स्वतःच करायचं बिल. 1 नोव्हेंबर 2024 पासून तो 30 दिवसांत करावा लागतो. हे आता एप्रिलचा नोव्हेंबरमध्ये करणार. क्रेडिट नाकारलं तर?

वागळे_खातेवही
जून 2024 च्या 211 नंबरच्या परिपत्रकात म्हटलंय की ज्या वर्षी सेल्फ-इन्व्हॉइस केला, ते वर्ष क्रेडिटच्या मुदतीसाठी धरायचं. उशीर झाला तर व्याज, फार तर दंड. क्रेडिट जात नाही.

तुर्भे_सीए
परिपत्रक आधीचं, 30 दिवसांचा नियम नंतरचा. अधिकारी नियम पुढे करेल.

वागळे_खातेवही
करू दे. नियमात मुदत आहे, पण मुदत चुकली तर क्रेडिट बुडेल असं त्यात कुठे लिहिलंय?

नौपाडा_इलेक्ट्रिक
पॅन टाकून पाहिला, मास्तरांचा नंबर नाही. 20 तारखेला 43,200 आणि व्याज भरतो, ऑक्टोबरचे 7,200 वेगळे. मत मात्र तेच आहे. जुना अकाउंटंट महिन्याला दीड हजार घ्यायचा, आता फोन उचलत नाही.