बेदाण्याचं पाकीट: ‘अजून एकच बदल’ कुठे थांबवायचा?

मिरज_डिझाइन: तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचं २५० ग्रॅमच्या पाऊचचं डिझाइन १८,००० रुपयांत घेतलंय. निम्मे आगाऊ मिळाले. बदल किती, हे कोटेशनमध्ये लिहिलंच नाही. पाचदा बदल झाले. आता म्हणतात, “५०० ग्रॅमचं पाकीट आणि दिवाळीचा बॉक्सही त्यातच बसवा.” काम सोडायचं नाही, वाकडेपणाही नको. काय लिहू?

कृष्णाकाठ: झालेल्या पाच बदलांचे पैसे मागू नका. लिहिलं नव्हतं, तो तुमचा तोटा. पण रेघ आज ओढा. मेसेज असा करा:

“शेठ, २५० ग्रॅमचं काम ठरल्या १८,००० मध्येच पुरं करतो. राहिलेले बदल शुक्रवारपर्यंत एकाच मेसेजमध्ये द्या, ती शेवटची फेरी. पुढच्या प्रत्येक फेरीला १,५००. ५०० ग्रॅमचं पाकीट ७,००० आणि बॉक्स ९,०००. सांगाल ते हातात घेतो.”

‘जमणार नाही’ हा शब्दच येत नाही. फक्त स्पेलिंग किंवा लायसन नंबर तुमच्याकडून चुकला असेल, तर ती दुरुस्ती फेरीत धरू नका.

हळदपेठ: दर फेरीला १,५००? सांगलीच्या बाजारात असा हिशोब काढला की पुढच्या हंगामाचं काम दुसऱ्याकडे गेलंच समजा. ५०० ग्रॅम म्हणजे तेच डिझाइन ताणायचं. फुकट द्या.

कृष्णाकाठ: ताणून होत नाही. पाऊचचं माप बदललं की दुमड आणि सीलची जागा बदलते, बारकोड वेगळा लागतो, वजन-किमतीचा मजकूर पुन्हा बसवावा लागतो. पण माया दाखवायचा मुद्दा पटला. द्यायचंच तर बिलात ‘५०० ग्रॅम पाकीट ७,०००, सवलत ७,०००’ असं दिसू द्या. नुसतं फुकट दिलं की पुढच्या वर्षी १ किलोचंही फुकटच धरतात. बॉक्सला मात्र हात आखडता घ्या.

विटा_वेब: माझ्या वेबसाइटच्या गिऱ्हाइकाने उरलेले पैसे बुडवले. ओपन फाइल देऊच नका!

मिरज_डिझाइन: बुडवणारे नाहीत हो, फक्त थांबत नाहीत.

छपाईवाला: थांबवायला प्रेसचं कारण पुढे करा. ग्रॅव्ह्युअरला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात. कोरल्यावर हिरवा भाग बदलायचा ठरला, तर तो सिलिंडर नव्याने, आणि खर्च शेठचा. म्हणून ‘सिलिंडरला जाण्याआधी लेखी मंजुरी’ म्हटलं की त्यांचाच फायदा दिसतो. डिजिटलवर थोडीच पाकिटं काढणार असतील, तर हे कारण चालणार नाही.

मिरज_डिझाइन: ग्रॅव्ह्युअरच आहे. पण रंग शेठ सांगतात, फॉन्ट त्यांचा मुलगा. मंजुरी कुणाची घेऊ?

कृष्णाकाठ: एकाचीच. मेसेज दोघांच्या ग्रुपवर टाका आणि ‘फायनल कोण सांगणार?’ एवढंच विचारा.

हळदपेठ: मुलासमोर शेठला हे विचारणार? आधी दुकानात जाऊन चहा घ्या, मग ग्रुपवर टाका.

कृष्णाकाठ: चहा घ्या. पण उठायच्या आधी ठरलेलं तिथेच टाइप करून पाठवा.