मदत हवी आहे: हाउसकीपिंग आणि किचनसाठी टोस्ट

मी एका हॉटेलात जनरल मॅनेजर आहे. शुक्रवारी स्टाफचे वार्षिक पुरस्कार आहेत, आणि दोन मिनिटांचा टोस्ट माझ्याकडे. गेल्या वर्षी 'तुम्ही हॉटेलचा कणा आहात' म्हणालो, तर मागची टेबलं ताटात बघत बसली. बरोबरच होतं त्यांचं.

यंदा एकाच दिवसाची गोष्ट सांगणार आहे. सकाळी 11 ला 62 खोल्यांचा गट गेला, दुसरा 3 ला येणार, आणि मध्येच लाँड्रीचा ड्रायर बंद. सुपरवायझरने क्रमच फिरवला: आधी सगळी बाथरूम आणि डस्टिंग, चादरी येतील तसे बेड. तरी 3 ला 9 खोल्या बाकी होत्या. किचनने कुणी न सांगता लॉबीत सूप आणि सँडविच पाठवले. 40 मिनिटं मिळाली, एकही तक्रार आली नाही.

अडचण अशी, की सुपरवायझरचं नाव घेतलं तर ओल्या चादरी वाहणारे बाराजण काय म्हणतील? सगळी नावं वाचली तर हजेरीपट होतो. शिवाय शुक्रवारी रात्रीचं जेवण किचनच बनवणार. भांडी घासणारे तर हॉलमध्ये कधीच नसतात. स्टार्टरआधी पाच मिनिटं सगळ्यांना बाहेर बोलवावं, की सर्व्हिस संपल्यावर मीच ग्लास घेऊन आत जावं? कुणी केलंय का असं?