सगळ्यांनाच 'ए' दिला तर काम कोण करतो हे कळणार कसं?

धुळे_शिफ्ट_इंचार्ज
टीममधल्या सगळ्यांना टॉप रेटिंग दिलं तर बिघडतं काय? माझ्या पोरांना मी दरवर्षी 'ए' देतो, टीम खूश आहे, भांडणं नाहीत. मार्क कापणारे साहेब लोक उगाच शिस्तीचा आव आणतात असं माझं मत आहे.

एक्स्ट्रूजन_जळगाव
दादा, टीम खूश आहे म्हणता, पण कोण खूश आहे ते नीट बघा एकदा. जो कमी काम करतो तो खूश असणारच ना.

मी जळगावात पीव्हीसी पाईपच्या लाईनवर आहे, कंपनीचं नाव नको. आमच्या धंद्यात माल किलोवर विकत घेतो आणि पाईप मीटरवर विकतो, म्हणजे पाईपाची भिंत गरजेपेक्षा जाड निघाली तर तो माल गिऱ्हाईकाला फुकट गेला. आता एकाच लाईनवरचे दोन ऑपरेटर घ्या. पहिला दर अर्ध्या तासाला तुकडा कापून काट्यावर ठेवतो, पाईप ओढणाऱ्या हॉल-ऑफचा स्पीड जरा इकडे-तिकडे करतो आणि वजन खालच्या मर्यादेच्या थोडंसं वर धरून ठेवतो. दुसरा सरळ दोन टक्के जड चालवतो, कारण जड पाईप क्यूसी कधी रिजेक्ट करत नाही आणि साहेबांकडून बोलणी बसत नाहीत. शिफ्टला तीन टन माल निघत असेल तर दोन टक्के म्हणजे साठ किलो, तेही दर शिफ्टला. दोघांचं प्रॉडक्शन सारखं, हजेरी सारखी, रिजेक्शन दुसऱ्याचंच कमी, आणि मार्चमध्ये दोघांना 'ए'.

आता पैशाचा हिशेब बघा. दहा जणांची टीम, प्रत्येकाला पंचवीस हजार पगार धरा, इन्क्रिमेंटला आठ टक्के मिळाले तर महिन्याला वीस हजार वाटायला आले. नऊ जणांना 'ए' दिला तर त्यांना एकवीसशे-एकवीसशे आणि उरलेल्या एकाला अकराशे. तेच तिघांना 'ए', सहा जणांना 'बी' आणि एकाला 'सी' दिला असता तर वरच्या तिघांना बत्तीसशे, मधल्यांना साडेसोळाशे आणि शेवटच्याला पाचशे, बेरीज तीच वीस हजार. म्हणजे तुमचा तो सगळ्यांना 'ए' कंपनीच्या खिशातून जात नाही, चांगल्या माणसाच्या खिशातून जातो.

आणि पैसा तर लहान गोष्ट आहे. आमच्याकडे असिस्टंट सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा वर मॅनेजमेंटने शीट मागवली, शीटमध्ये नऊ 'ए', मग बघणार काय? जो मीटिंगमध्ये बोलतो त्याला जागा मिळाली. वजन सांभाळणारा पोरगा दोन महिन्यात सुरतला निघून गेला. त्याच्याकडे दाखवायला कागदच नव्हता हो, कागदावर तो आणि बाकीचे आठ एकच होते.

धुळे_शिफ्ट_इंचार्ज
हिशेब कळला, पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. माझ्या शेजारच्या डिपार्टमेंटचा साहेब सगळ्यांना 'ए' देतो. मी एकटा प्रामाणिक झालो आणि सात जणांना 'बी' दिला तर इन्क्रिमेंट कुठे जाईल? शेजारी जाईल, कारण आमच्याकडे पैसा पूर्ण प्लांटचा एकत्र आहे. मग पोरं मला विचारतील की साहेब आमचं काय चुकलं, त्या बाजूला तर गेटवर डुलक्या काढणाऱ्यालाही 'ए' आहे. त्यांना काय तोंड दाखवू?

भडगावकर
शाळेतही हेच चालू आहे. माझ्या पोराला ब्याण्णव टक्के पडले आणि वर्गात एकतिसावा नंबर! आमच्या वेळी साठ टक्के म्हणजे गावात पेढे वाटायचे. बोर्डाने सगळी वाट लावली.

एचआरवाली_ताई
भाऊ, मुलांच्या मार्कांचा वेगळा धागा काढा, इथे नको.

धुळेवाले दादा शेजारच्या डिपार्टमेंटबद्दल बोलले ते खरं आहे आणि मला वाटतं सगळं तिथेच अडतं. रेटिंग फुगतं ते साहेब मऊ असतो म्हणून नाही, दुसरा फुगवतो म्हणून पहिल्यालाही फुगवावं लागतं. शिवाय एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही, त्रासदायक माणसाला चांगलं रेटिंग देऊन दुसऱ्या डिपार्टमेंटला ढकलायचं हाही रिवाज आहेच. म्हणून एकट्याने कडक होऊन काही होत नाही.

पण लगेच बेल कर्व्ह आणा असंही म्हणू नका. सहा जणांच्या टीममध्ये एकजण खालचा असलाच पाहिजे हे कोणी ठरवलं? मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ती सक्तीची क्रमवारी सोडून दिली. तिचा दोष असा की माणसं गिऱ्हाईकापेक्षा शेजाऱ्याशीच स्पर्धा करायला लागतात, शेजाऱ्याला मदत केली तर आपला नंबर खाली.

मला जे पटलं ते अमेरिकेच्या मरीन कोरमधलं आहे. तिथे अधिकाऱ्याने दिलेले मार्क नुसते वाचत नाहीत, त्याच अधिकाऱ्याने त्या हुद्द्याच्या लोकांना आजवर दिलेल्या मार्कांशी लावून वाचतात. त्याच्या सरासरीला 90 धरतात आणि त्याने दिलेल्या सगळ्यात वरच्या रिपोर्टला 100. म्हणजे सगळ्यांना सारखंच वर चढवलं की कोणाचंच भलं होत नाही, कारण सरासरी पण वर चढते. हे आपल्याकडे एक्सेलमध्ये सुद्धा जमतं. शीटमध्ये प्रत्येक रेटिंगच्या शेजारी एक रकाना टाकायचा, "या साहेबाची सरासरी". 'ए' ला चार आणि 'बी' ला तीन धरा. धुळेवाल्या दादांच्या टीमची सरासरी पूर्ण चार, आणि समोरच्या साहेबाची तीन पॉइंट एक, आणि त्या समोरच्याने एकाला चार दिले असतील, तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की कोणता चार जड आहे.

निवृत्त_नाना_चोपडा
तुम्ही लोक कारखान्याचं बोलताय, सरकारी गोपनीय अहवालाचं काय? मी आयुष्यभर सीआर लिहिले. प्रमोशनसाठी सलग पाच वर्षं ठरावीक प्रतवारी लागते, मग 'चांगला' लिहिलं तरी माणसाचं नुकसान. सुप्रीम कोर्टाचा 2008 चा देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा निकाल वाचा. सीमा रस्ते खात्यातल्या इंजिनिअरला एका वर्षी 'गुड' शेरा होता, प्रमोशनला 'व्हेरी गुड' लागत होता आणि त्याला तो शेरा कधी कळवलाच नव्हता. कोर्टाने म्हटलं की प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. तेव्हापासून शेरा समोरच्याच्या हातात पडतो, मग तो रोज टेबलासमोर उभा राहतो, 'साहेब, माझं काय चुकलं?' कोण कमी लिहील सांगा मला?

पारोळा_मास्तर
नाना, म्हणजे तुम्हाला शेरा लपवलेला बरा वाटतो? माझ्या अहवालात एका वर्षी कोणीतरी 'साधारण' लिहून ठेवलं होतं, मला पत्ताच नाही. मी त्या वर्षी जनगणनेच्या कामात अर्धा पावसाळा पाडे पालथे घातले होते. प्रमोशनच्या यादीत नाव नाही म्हणून चौकशी केली तेव्हा कळलं. अर्ज, अपील, साहेबांच्या खुर्च्यांना नमस्कार, तोवर माझ्यामागची पोरं केंद्रप्रमुख झाली. कळवणं बंद करा म्हणणाऱ्यांनी माझ्या जागी एक वर्ष काढून बघावं.

निवृत्त_नाना_चोपडा
मास्तर, तुमच्यावर अन्याय झाला ते मान्य. पण तुमच्या नावाखाली दहा कामचोरांनी 'अत्युत्कृष्ट' घेतलं त्याचं काय? माझ्या हाताखाली एक होता, दुपारनंतर टेबलावर फक्त त्याचा रुमाल दिसायचा. मी 'ब' लिहिला तर संघटनेचे लोक केबिनमध्ये, वरच्या साहेबांचा फोन. शेवटी मीही 'अ' लिहिला. तुम्हाला राग येईल पण खरं तेच आहे.

पारोळा_मास्तर
फोन आला म्हणून वाकलात ना? मग कोर्टाला दोष देऊ नका. रुमालाच्या तारखा लिहून ठेवल्या असत्या तर संघटनेला काय उत्तर होतं? तुमच्याकडे पुरावा नव्हता म्हणून तुम्ही घाबरलात.

निवृत्त_नाना_चोपडा
तोंड सांभाळून बोला. तुमच्या वयापेक्षा जास्त माझी नोकरी झाली आहे.
(थोड्या वेळाने) तारखा नव्हत्या हे मात्र बरोबर. कोणीच लिहीत नव्हतं.

एक्स्ट्रूजन_जळगाव
नाना, मास्तर, दोघं थांबा भो, कारण मास्तर जे बोलले तेच मला सांगायचं होतं. मार्चमध्ये बसून वर्ष आठवायला गेलं की फेब्रुवारीच आठवतो, मग भांडण नको म्हणून 'ए'. आमच्याकडे आता प्रत्येक सुपरवायझरकडे जाड वही आहे, माणसामागे एक पान. आठवड्यातून एखादी ओळ, तारीख टाकून: "डाय बदलायला दोन तास दहा मिनिटं, बाकीच्यांना तीन लागतात", "वजन सलग चढं, सांगितल्यावर पण तसंच". विशेषण चालत नाही, 'मेहनती' लिहिलं की मी खोडतो. आणि ती ओळ त्याच आठवड्यात त्या माणसाला दाखवायची, मग वर्षाच्या शेवटी धक्का बसत नाही आणि मास्तरांसारखी फसवणूक पण होत नाही.

मग मार्चमध्ये चारही सुपरवायझर एका टेबलावर. ज्याला 'ए' द्यायचा त्याच्या पानावरच्या ओळी मोठ्याने वाचायच्या, बाकी तिघं विचारणार की माझ्या अमक्याच्या पानावर याहून जास्त आहे, त्याला मी 'बी' दिलाय, मग तुमचा 'ए' कसा? पहिल्या वर्षी जाम भांडणं झाली, एकजण उठून गेला. पण शेजारचा फुगवतो ही दादांची तक्रार तिथेच मिटते, कारण शेजारी समोर बसलेला असतो.

धुळे_शिफ्ट_इंचार्ज
ठीक आहे, वही ठेवतो, एवढं मान्य. पण आमच्याकडे ते टेबल कोणी भरवणार नाही, प्लांट हेडला वेळ नाही. तोपर्यंत माझ्या पोरांना 'ए' च देणार, त्यांचे पैसे मी शेजाऱ्याला सोडणार नाही.

एचआरवाली_ताई
मग निदान शेऱ्याचा रकाना वापरा, तिथे कोणी मर्यादा घातलेली नाही. 'ए' सगळ्यांना द्या पण खाली साफ लिहा, "पुढची जागा निघाली तर माझ्या टीममधून पहिलं नाव याचं, दुसरं त्याचं, कारण अमुक-अमुक तारखांच्या नोंदी." जागा निघते तेव्हा माणसं तेच वाचतात. पैशाचा अन्याय राहील पण तो सुरतला गेलेला पोरगा वाचला असता.

मेंटेनन्स_भुसावळ
तुमच्या वहीत आमच्यासारख्याचं पान कोरंच राहणार. मोटर जळल्यावर रात्रभर थांबून चालू करणाऱ्याच्या नावाने तीन ओळी, आणि ज्याने महिन्याच्या महिन्याला बेअरिंगला ग्रीस घातलं, कपलिंगचं अलाइनमेंट बघितलं, त्याची मोटर कधी जळलीच नाही, त्याच्या नावाने काय लिहिणार?

एक्स्ट्रूजन_जळगाव
त्याच्याकडच्या मशीनचे ब्रेकडाऊनचे तास लिहायचे, दुसऱ्याच्या मशीनच्या शेजारी. पण मशीन एकाच वयाची आणि एकाच लोडची पाहिजेत, जुनी लाईन एकाकडे आणि नवी दुसऱ्याकडे असेल तर तो आकडा उलटा खोटं बोलतो. आमच्याकडे हे अजून नीट बसलेलं नाही. तुमच्याकडे कसं मोजता?

मेंटेनन्स_भुसावळ
आमच्याकडे मोजतच नाही. सगळ्यांना 'ए'.