अनुभव धागा: परदेशी जाताना सामानातला क्रिएटिनचा डबा

गोदाकाठ
काल रात्री भाचीची बॅग भरायला बसले होते. शिकायला मेलबर्नला चालली आहे, येत्या रविवारचं विमान. मेतकूट, कुकरची जास्तीची रिंग, स्वेटर सगळं आत गेलं आणि मग तिने झिपची एक पिशवी पुढे केली. आत पांढरीशुभ्र भुकटी. म्हणाली, "मावशी, क्रिएटिन आहे गं. डबा जागा खातो म्हणून पिशवीत काढलं." माझ्या पोटात गोळाच आला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मी ताईकडे न्यू जर्सीला सहा आठवड्यांसाठी गेले होते. तेव्हा नुकतीच वजनं उचलायला लागले होते, ताकद वाढावी म्हणून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घ्यायचे. ४२ दिवसांचे २१० ग्रॅम होतात, एवढा हिशेब करून अर्धा किलोच्या डब्यातून तेवढंच दोन पिशव्यांत काढलं. त्या पिशव्या चकलीच्या स्टीलच्या डब्यात आणि तो डबा हातातल्या बॅगेत. मुंबईला कुणी काही विचारलं नाही. युरोपात विमान बदलताना मात्र ट्रे बाजूला सरकला. अधिकाऱ्याने चकल्या उचलल्या आणि खालून त्या पिशव्या निघाल्या. "हे काय आहे?" मी घाबरून म्हणाले, "जिमची पावडर." त्याने कापडाची पट्टी पिशवीवरून आणि माझ्या हातांवरून फिरवली, यंत्रात घातली, आणि यंत्र वाजलं.

मग वरिष्ठ आले, दुसरी पट्टी फिरवली, ती स्वच्छ निघाली. पण चाळीस मिनिटं गेली. लेबल नाही, पावती नाही, त्यामुळे पिशव्या तिथेच ठेवाव्या लागल्या. विमान मिळालं, पण अमेरिकेत उतरेपर्यंत हात थरथरत होते. त्याच वर्षी ३० जूनपासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी हातातल्या बॅगेतल्या भुकटीची तपासणी कडक झाली होती, हे मला नंतर कळलं.

तुमच्यापैकी कुणी कुणी नेलंय? कसं नेलं, काय विचारलं, सगळं लिहा. पोरगी पहिल्यांदाच एकटी चालली आहे.

खारूताई_कोथरूड
बाई गं, वाचूनच घाम फुटला. पावडर १०० मिलीच्या आतच लागते ना पण? छोट्या छोट्या डब्या करून दे तिला.

रिकामा_ट्रे
१०० मिली द्रवांना. भुकटीचा नियम जिथे आहे तिथे आकडा ३५० मिली. आणि तो ग्रॅममध्ये नाही, आकारमानात. कोल्ड्रिंकचा साधा कॅन डोळ्यांसमोर आणा, तेवढं.

मी चौदा वर्षं बॅगांच्या स्क्रीनसमोर बसलो, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. साखर, पीठ, साबण, चीज, क्रिएटिन, काही स्फोटकं आणि अमली पदार्थ, हे सगळं स्क्रीनवर केशरीच दिसतं. बसलेल्या माणसाला पदार्थ ओळखता येत नाही, तो आकार आणि संगत बघतो. कंपनीच्या डब्यात गोल झाकण, आत बुडालेला चमचा, ओलावा शोषणारी पुडी असं ओळखीचं चित्र असतं. स्टीलच्या डब्यात खाऊखाली दाबलेला केशरी गठ्ठा दिसला की हात आपोआप बटणाकडे जातो. तुमच्या बाबतीत अडचण क्रिएटिनची नव्हती. कुणीतरी लपवलंय असं ते चित्र होतं.

आणि ती पट्टी भुकटी काय आहे हे सांगत नाही. ती स्फोटकाचे कण शोधते. हाताला लावायच्या क्रीममधल्या ग्लिसरीननेही यंत्र वाजू शकतं, शेतात खत हाताळलं असेल तरी वाजू शकतं. त्याआधी काही लावलं होतंत का?

गोदाकाठ
हो! विमानात हात कोरडे पडले म्हणून प्रसाधनगृहातलं क्रीम चोळलं होतं. सात वर्षं मी त्या बिचाऱ्या पावडरीला दोष देतेय.

आजोबा_सातारा
माझं क्रिएटिनिन १.६ आहे. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. मुलाकडे टोरांटोला जायचंय मार्चमध्ये. तपासणीत रिपोर्ट दाखवावा लागेल का?

साबुदाणा_वडा
आजोबा, ते वेगळं, हे वेगळं. क्रिएटिनिन रक्तात तपासतात, इथे क्रिएटिन नावाच्या पावडरीचं चाललंय. तुम्हाला विमानतळावर कुणी काही विचारणार नाही. गोळ्या मात्र चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको.

आजोबा_सातारा
धन्यवाद बाळा. चिठ्ठी मराठीत आहे, चालेल?

साबुदाणा_वडा
इंग्रजीत लिहून घ्या डॉक्टरांकडून. औषधाचं मूळ नावही लिहायला सांगा, फक्त कंपनीचं नको.

यारा_नदीकाठी
मेलबर्नलाच आहे, २०२२ पासून. ताई, तुमच्या भाचीसाठी माझं सगळंच लिहिते.

मी २५० ग्रॅमचा सीलबंद डबा चेक-इन बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता. सोबत एक किलो व्हे प्रोटीन, तेही सीलबंद. उतरण्याआधी प्रवाशाचं कार्ड भरायला देतात. त्यात एक प्रश्न औषधं, स्टिरॉइड्स वगैरेंचा आहे, पुढे मांस-दूध-अंड्यांचा आणि त्यानंतर धान्य-बियांचा. मला शंका होती म्हणून मी सगळीकडे "हो" वर खूण केली. रांग वेगळी लागली, वीसेक मिनिटं गेली. बाईंनी दोन्ही डबे बाहेर काढले, मागचं लेबल वाचलं. क्रिएटिनच्या डब्यावर घटक एकच, क्रिएटिन मोनोहायड्रेट. विचारलं, "स्वतःसाठी?" मी हो म्हटलं, डबा परत मिळाला. व्हे राहिलं तिथेच. ते दुधाचं, आणि भारतात गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग आहे, म्हणून इथून नेलेलं दूध-दुभतं तिकडे घेत नाहीत. मी आधीच जाहीर केलं होतं म्हणून दंड नाही. माझ्या मागच्या मुलाने "नाही" लिहिलं होतं आणि त्याच्या बॅगेत खवा निघाला, त्याला दंड झाला. वाईट वाटलं फार, पहिलाच दिवस त्याचा.

तळजाई_पहाटे
क्रिएटिन पण मांसातूनच येतं ना? मग ते कसं सोडलं?

यारा_नदीकाठी
मांसात असतं हे खरं, पण डब्यातलं कारखान्यात रसायनांपासून बनवतात. म्हणून घटकांची यादी वाचता आली पाहिजे. पिशवीत भरलं की तेच हरवतं.

तळजाई_पहाटे
ओके, कळलं. आमच्या जिममधला एक जण कॅप्सूल नेतो, म्हणतो पावडरच नाही तर प्रश्नच नाही.

रिकामा_ट्रे
सुरक्षा तपासणीला बरं पडतं ते. कस्टम्सला मात्र कॅप्सूलची सुटी बाटली पिशवीइतकीच संशयास्पद. बाटली सीलबंद आणि लेबलसकट हवी. शिवाय ५ ग्रॅमसाठी मूठभर कॅप्सूल गिळाव्या लागतात, महिन्याच्या चार-पाच बाटल्या होतात.

दुबईकर_मूळची_चिपळूण
क्रिएटिनचं कौतुक सोडा, दुबईला येताना अनारसे आणू नका कुणी. खसखस इथे बंदी आहे, अमली पदार्थांत मोजतात. करंजीच्या सारणातही घालू नका. माझ्या सासूबाईंना दरवर्षी फोनवर आठवण करते.

खारूताई_कोथरूड
खसखशीशिवाय अनारसा म्हणजे काय अनारसा 😢

दुबईकर_मूळची_चिपळूण
तीळ लावते मी. सवय होते.

पाठीवर_बिऱ्हाड
कामानिमित्त वर्षातून सहा-सात वेळा बाहेर असतो. माझा नियम सोपा आहे: जितक्या दिवसांचा मुक्काम तितकंच न्यायचं, मोठा डबा घरी. वीस दिवसांसाठी १०० ग्रॅमचं छोटं सीलबंद पाकीट पुरतं. दहा दिवसांच्या आत असेल तर नेतच नाही. क्रिएटिन आठवडाभर बंद राहिलं तरी स्नायूंतला साठा काही लगेच उतरत नाही, पूर्ण उतरायला चारेक आठवडे लागतात.

फक्त क्रिएटिन असलेलाच डबा नेतो. प्री-वर्कआउट, फॅट बर्नर वगैरे मिश्रणं अजिबात नाही. त्यात वीस घटक असतात आणि एका देशात चालणारा दुसरीकडे बंद असतो. अधिकाऱ्याने विचारलं तर "व्हाइट पावडर" किंवा "जिम पावडर" म्हणत नाही. "क्रिएटिन, फूड सप्लिमेंट" म्हणतो आणि मोबाइलमध्ये पावतीचा फोटो ठेवतो.

परत येताना मात्र एकदा फसलो. मित्रांनी मागवले म्हणून अमेरिकेहून सात डबे आणले, एकाच कंपनीचे, एकाच चवीचे. इकडे कस्टम्सने विचारलं, "दुकान आहे का?" त्यांचं बरोबर होतं, सात डबे कुणालाही विक्रीचा मालच वाटणार. ड्युटी भरली.

तळजाई_पहाटे
मित्रांनी पैसे दिले का ड्युटीचे?

पाठीवर_बिऱ्हाड
तिघांनी दिले.

मुळशीचा_पाऊस
एक शंका राहतेच. मेलबर्नहून परत निघताना हातातल्या बॅगेत न्यायचं झालं तर? ऑस्ट्रेलियात ३५० मिलीची मर्यादा मीठ, वाळू, टाल्कम अशा अजैविक भुकटीला आहे. पीठ, मसाले, कॉफी, बहुतेक प्रोटीन यांना ती नाही, फक्त तपासतात. क्रिएटिन कशात धरायचं? रसायनशास्त्राने बघितलं तर सेंद्रिय. पण ते सजीवापासून आलेलं नाही, कारखान्यात बनतं.

रिकामा_ट्रे
तिथे उभा असलेला माणूस ठरवेल तसं. त्याच्याशी रसायनशास्त्राचा वाद घालू नका. चेक-इनमध्ये टाका, तिथे ही मर्यादा लागत नाही.

मुळशीचा_पाऊस
माझ्याकडे फक्त केबिन बॅगेचं तिकीट असतं हो.

यारा_नदीकाठी
मग ३५० च्या आतच ठेवा. आणि डबाही तेवढाच घ्या, मोठ्या डब्यात तळाशी थोडंसं नको. डब्याचा आकार बघून अडवलेलं मी पाहिलंय.

साबुदाणा_वडा
पाण्यात आधीच कालवून बाटली नेली तर?

रिकामा_ट्रे
मग ते द्रव झालं, १०० मिलीचा नियम लागला. आणि पाण्यात ठेवलं की त्याचं हळूहळू क्रिएटिनिन होतं, प्यायचा उपयोग कमी. आजोबांचा शब्द आलाच बघा इथे.

आजोबा_सातारा
म्हणजे माझा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता 🙂

साबुदाणा_वडा
अजिबात नाही आजोबा. आणि कुणी क्रिएटिन घेत असेल तर रक्त तपासताना डॉक्टरांना सांगावं. आकडा थोडा वर दिसतो आणि मग उगीच मूत्रपिंडाची धास्ती लागते.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. पिशवी इथेच राहणार, ती मी संपवेन. आज तिच्यासाठी २५० ग्रॅमचा सीलबंद डबा आणला, घटक एकच आहे हे दुकानातच वाचलं. रोज ५ ग्रॅम म्हणजे ५० दिवस, तोवर तिला तिकडे मिळेलच. चेक-इन बॅगेत कपड्यांच्या वर ठेवलाय, पावती डब्याला रबराने लावली आहे. कार्डावर "हो" लिहायचं हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मेतकूटही जाहीर करायचं ठरलंय, यारा_नदीकाठी, बरोबर ना?

यारा_नदीकाठी
हो, खायचं सगळंच. विचारतील, बघतील. नेलं तर नेलं म्हणायचं. तिला माझा नंबर पाठवते निरोपात, उतरली की फोन करू दे.

खारूताई_कोथरूड
आणि सुकं खोबरं काढून टाक गं बॅगेतून! आमच्या वाट्या चेक-इनमधूनसुद्धा काढायला लावल्या होत्या. तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणतात.

रिकामा_ट्रे
हे मात्र शंभर टक्के बरोबर. वाटीचं खोबरं हातातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

गोदाकाठ
अगं बाई, चिवड्यात काप घातलेत मी. तेही?

खारूताई_कोथरूड
माझा चिवडा तीनदा गेलाय तसाच, लंडनला. मेलबर्नचं माहीत नाही.

गोदाकाठ
नको मग, डाळं जास्त घालून नवा करते. पोहे चाळायला घेतलेत, येते नंतर.